किती राहिलं?

रविवारी गुंजवण्यातून राजगड चढा. चोरदरवाज्याखालच्या रेलिंगला रांग लागलेली असते आणि कोणी कोणाला नमस्कार करत नाही. फार तर 'दादा, जरा सरकता का?' शंभर जणांना रामराम करत बसलो तर गड चढायचा कधी?

तीच माणसं तोरण्याहून राजगडाला निघाली की निराळी होतात. बुधला माचीखालची शिडी उतरली की पुढे तासन्‌तास डोंगराची सोंड, उघडी नि वाऱ्याची. समोरून कोणी दिसलं की वीस पावलांवरूनच 'जय शिवराय' येतं. गुराखीबाबा असले तर 'रामराम'. मग वाट अरुंद असेल तर उतरणारा डोंगराच्या अंगाला सरकून उभा राहतो, दरीच्या अंगाला नाही, आणि चढणाऱ्याला वाट देतो. लगेच पुढचा प्रश्न: 'किती राहिलं?' उत्तर बहुतेक वेळा 'आलंच, पंधरा मिनिटं' असतं आणि ते खोटं असतं. मीही हेच सांगत आलोय. पण खरी देवाणघेवाण त्याच्या पुढे होते: पाणी कुठे मिळेल, आग्या मोहोळ कुठल्या कड्याला आहे, घसारा कुठे लागेल.

त्याहून उपयोगी असतो तो नमस्काराचा आवाज. धापा टाकत का होईना, हसून उत्तर देणारा माणूस ठीक असतो. तुटक 'हं' करणारा दमलेला असतो.

एका मार्चमध्ये भर दुपारी या सोंडेवर एक एकटा तरुण राजगडाकडून आला. आम्ही तिघांनी 'जय शिवराय' म्हटलं. तो बघतच गेला. 'शिष्ट आहे,' मित्र पुटपुटला. मला मात्र राहवेना, म्हणून मागे वळून पाहिलं. मळलेली वाट सोडून तो गुरांच्या पायवाटेने खाली निघाला होता, पाय ओढत. तीन हाका मारल्यावर थांबला. 'कुठून आलात?' या साध्या प्रश्नाला त्याला बराच वेळ लागला. बाटली कोरडी, सोबतचे पुढे निघून गेलेले. एका झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसवलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, ओआरएसचं पाणी घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने तो नीट बोलायला लागला. बोलणं असंबद्ध असतं तर मात्र थांबण्यात अर्थ नव्हता. तो उष्माघात, तिथे थेट दवाखाना.

राजगडाच्या चढाआधी सोंड एका डांबरी रस्त्याला मिळते. त्याला तिथवर परत आणलं. सोबत्यांना फोन लागला, एक जीपही मिळाली. आत बसता बसता त्याने आमच्याकडे पाहून हात जोडले.

'जय शिवराय. मघाशी राहून गेलं.'