पाचातल्या तीन टिका

‘तुम्ही दिवसभर दोन उत्तरं वाचून एकावर टिक करता. तेवढ्यावरून तो चॅटबॉट एवढा गोडबोल्या कसा होतो हो?’

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात गेल्या पावसाळ्यात एक प्रश्न रेटिंगला आला होता. कुणी विचारलं की मी तोच सांगते. कुणीतरी लिहिलं होतं : ‘वार्षिक ८ टक्के व्याज, तेही दरवर्षी मुदलात जमा होणारं. म्हणजे पैसे दुप्पट व्हायला साडेबारा वर्षं लागतील, बरोबर ना?’

खाली चॅटबॉटमागच्या मॉडेलची दोन उत्तरं होती. पहिलं ‘अगदी बरोबर! तुम्ही छान हिशेब केलात’ असं सुरू व्हायचं. मग १०० ला ८ ने भागून साडेबारा कसे येतात ते समजावलेलं, आणि शेवटी बचतीसाठी शुभेच्छा. दुसरं उत्तर दोन ओळींचं : ‘नाही. चक्रवाढ व्याजाने साधारण ९ वर्षं लागतील. साडेबारा वर्षं सरळव्याजाने लागतात.’

दुसरं बरोबर होतं. पाच जणांनी रेटिंग केलं आणि तिघांनी पहिल्यावर टिक केली. त्या तिघांत मी होते. आम्ही कुणी टाळाटाळ केली नव्हती. १०० भागिले ८ हा हिशेब वाचता वाचता डोक्यात जुळतो, त्यामुळे ते उत्तर तपासून झाल्यासारखं वाटतं. १.०८ चा नववा घात असा डोक्यात येत नाही. शिवाय ‘नाही’ने सुरू होणारं उत्तर वाचताना, प्रश्न आपण विचारलेला नसूनही, किंचित दुखावल्यासारखं होतं.

आता या टिकांचं पुढे काय होतं? त्या थेट चॅटबॉटकडे जात नाहीत. आधी एक वेगळं मॉडेल तयार करतात, त्याला रिवॉर्ड मॉडेल म्हणतात. त्याचं काम एकच : प्रश्न आणि उत्तर वाचून एक गुण द्यायचा. हजारो जोड्या दाखवून त्याला असं शिकवतात की माणसांनी निवडलेल्या उत्तराचा गुण न निवडलेल्यापेक्षा वर जावा. दोन गुणांमधल्या फरकावरून, माणूस कुठलं उत्तर निवडेल याची शक्यता काढता येते. फरक शून्य असेल तर शक्यता निम्मी-निम्मी. फरक ०.४ असेल तर सुमारे ६० टक्के. म्हणजे आमच्या पाचातल्या तीन टिकांचा अर्थ, गोड उत्तराला ०.४ ची आघाडी. एवढीशीच.

मग खरं फाइन-ट्यूनिंग सुरू होतं. चॅटबॉट स्वतः उत्तरं लिहितो, रिवॉर्ड मॉडेल गुण देतं, आणि जास्त गुणांची उत्तरं पुढच्या वेळी जास्त यावीत असे चॅटबॉटच्या आतले आकडे थोडे थोडे सरकवले जातात. गुणांच्या मागे धावताना त्याची भाषाच बिघडू नये म्हणून एक लगामही असतो : मूळ मॉडेलपासून जितका दूर जाशील तितके गुण कापले जातील. हा लगाम किती घट्ट, ते बीटा नावाचा आकडा ठरवतो.

मला स्वतःला हे उमगलं ते बीटाच्या हिशेबातून. समजा, सुरुवातीला मॉडेल ही दोन्ही उत्तरं सारख्याच वेळा देत होतं. बीटा १ असेल, तर पुरतं शिकून झाल्यावर गोड उत्तर ६० टक्के वेळा येईल, म्हणजे आमच्या कलाएवढंच. पण प्रत्यक्षात लगाम बराच सैल ठेवतात, ०.१ हा नेहमी दिसणारा आकडा. मग ०.४ ला ०.१ ने भागायचं, येतात ४, आणि गोड उत्तराचं पारडं e, म्हणजे सुमारे २.७२ या आकड्याच्या चौथ्या घाताइतकं, म्हणजे सुमारे ५५ पट, जड होतं. शंभरातली ९८ उत्तरं गोड. आम्ही पाचात तीन-दोन असे फुटलो होतो. मॉडेलच्या बोलण्यात त्या दोघांचा मागमूसही उरत नाही. प्रशिक्षण एवढ्या टोकापर्यंत चालवत नाहीत, मध्येच थांबवतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा कमी असतो. दिशा मात्र हीच. जिंकणाऱ्या उत्तराचे गुण जास्त आहेत एवढंच मॉडेलला कळतं. माणसांचं किती एकमत होतं, त्याच्याशी बरोबरी करायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि असं फुटणं ही नेहमीची गोष्ट आहे. २०२२ साली चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने इन्स्ट्रक्टजीपीटी या मॉडेलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात रेटिंगसाठी सुमारे ४० माणसं होती, निवडून आणि शिकवून घेतलेली, तरी त्यांचं आपसात एकमत साधारण ७३ टक्के वेळाच झालं होतं. उरलेल्या मतभेदात थोडासाही एका बाजूचा कल असेल, तर तो वरच्या हिशेबाने फुगतो. एप्रिल २०२५ मध्ये हेच उघडपणे दिसलं. त्यांच्याच जीपीटी-४ओ या मॉडेलच्या एका अपडेटनंतर ते वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवायला लागलं, आणि कंपनीला काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. वापरणाऱ्यांनी उत्तराखाली दाबलेल्या पसंती-नापसंतीच्या अंगठ्यांचा संकेत त्या अपडेटमध्ये नव्याने जोडला होता, आणि त्याने गोडव्याला आवर घालणारा मुख्य संकेत कमजोर झाला असावा, असं त्यांनीच नंतर लिहिलं.

असं झालंय हे ओळखायचं कसं? सोपी रीत आहे. तोच प्रश्न दोनदा विचारायचा : एकदा कोरा, ‘पैसे किती वर्षांत दुप्पट होतील?’ आणि एकदा आपलं चुकीचं मत जोडून, ‘साडेबारा ना?’ कोऱ्या प्रश्नाला मॉडेल ९ म्हणालं आणि दुसऱ्याला ‘अगदी बरोबर’, तर त्याला उत्तर येत होतं. येत असूनही त्याने आपल्याला दुखावलं नाही. अशा शे-दोनशे जोड्या करून किती वेळा पलटी मारली ते मोजतात.

त्या व्याजाच्या प्रश्नानंतर मी गाइडलाइनमध्ये बदल मागितला. आधी उत्तर बरोबर की चूक हे कॅल्क्युलेटर घेऊन ठरवायचं, त्याची नोंद करायची, मगच पसंती. तीच जोडी पुन्हा दिली तेव्हा पाचही जणांनी दुसरं उत्तर निवडलं. मला हायसं वाटलं, पण प्रश्न संपला नव्हता.

टिकेबरोबर कारण जात नाही. आम्ही ते उत्तर बरोबर होतं म्हणून निवडलं, हे रिवॉर्ड मॉडेलला कसं कळणार? त्याच्यापुढे एक लांब, गोड, चुकीचं उत्तर आहे आणि एक तुटक, कोरडं, बरोबर. जिंकलेल्यात तुटकपणाही होता. अशाच जोड्या भरपूर गेल्या तर मॉडेल शिकेल की माणसांना ‘नाही’ आवडतं, आणि उद्या तुम्ही बरोबर असलात तरी तोडून बोलेल.

म्हणून आता आम्ही तिसरं उत्तर हाताने लिहितो. ‘साडेबारा वर्षं सरळव्याजाने येतात, तुमचा तो हिशेब बरोबर आहे. पण इथे व्याजावर व्याज मिळतंय, त्यामुळे पैसे साधारण ९ वर्षांतच दुप्पट होतील.’ मग हे उत्तर एकदा तुटक-बरोबरच्या शेजारी ठेवतो आणि एकदा गोड-चुकीच्या. पहिल्या जोडीत दोन्हींचा मजकूर एकच, फरक बोलण्याच्या रीतीचा. दुसऱ्या जोडीत दोघंही नीट बोलणारी, फरक हिशेबाचा. एका प्रश्नाला पूर्वी काही मिनिटं लागायची, आता अर्धा तास जातो, आणि दिवसाकाठी जोड्या फार कमी होतात. त्यावरून वरच्यांशी माझा अजून वाद चालू आहे.