दहा हजार नमुन्यांत न दिसलेले अनंत

जोखीम-विश्लेषणाच्या कामात एकदा माझ्याकडे सहकाऱ्याचा एक अहवाल तपासणीसाठी आला. नुकसानाच्या रकमांसाठी त्याने पॅरेटो वितरण घेतले होते: P(X > x) = x^(-2.5), x ≥ 1. अनेक दाव्यांच्या बेरजेला चेर्नॉफ पद्धतीने वरची मर्यादा घालायची म्हणून त्याला परिबल जनक फलन E[e^(tX)] हवे होते. t = 0.1 घेऊन १०,००० नमुन्यांची सरासरी १.२ च्या आसपास आली होती आणि पुन्हा चालवली तरी जवळपास तेवढीच येत होती.

मी नमुना दहा लाखांवर नेला, तेव्हा उत्तर सत्तर हजारांच्या पुढे गेले. सहकाऱ्याला वाटले की प्रोग्रॅममध्ये चूक असावी. प्रत्यक्षात नमुन्यातील सर्वांत मोठी किंमत २५० च्या जवळ होती. e^25 म्हणजे सुमारे ७,२०० कोटी, त्याला दहा लाखांनी भागले की त्या एकाच निरीक्षणाचा वाटा ७२,००० होतो.

कारण शोधायला आम्ही कागदावर समाकल्य लिहिले: 2.5 e^(0.1x) x^(-3.5). ते x = 35 पर्यंत घटत जाते आणि तिथून वाढू लागते, कारण घातांकी वाढ कोणत्याही घाताच्या घसरणीला शेवटी मागे टाकते. त्यामुळे समाकल अनंत आहे, आणि t कितीही लहान घेतला तरी फक्त वळणाची जागा, म्हणजे x = 3.5/t, दूर सरकते. येथे ३५ च्या पुढची किंमत साधारण ७,२०० मध्ये एकदा येते, म्हणून १०,००० नमुने त्या वळणापाशीच थांबले होते. सांत नमुन्याची सरासरी नेहमी सांतच असते. संगणक इशारा देणार तरी कशाच्या आधारे?

त्यानंतर आम्ही अभिलाक्षणिक फलन E[e^(itX)] घेतले. येथे e^(itX) हा संमिश्र प्रतलातील एकक वर्तुळावरचा बिंदू असतो, X कितीही मोठा झाला तरी त्याचे मापांक १ च राहते. म्हणून सरासरीचे मापांक १ च्या पुढे जाऊच शकत नाही आणि वितरण कोणतेही असो, ती अस्तित्वात असतेच. जड शेपटी मात्र नाहीशी होत नाही, ती t = 0 जवळच्या गुळगुळीतपणात उतरते: आमच्या उदाहरणात विचरण सांत असल्याने दुसऱ्यांदा विकलन करता येते, पण तिसरे परिबल अनंत आहे आणि |t|^2.5 सारखे पद आडवे आल्याने शून्यापाशी तिसरे विकलज मिळत नाही. कोशी वितरणात तर अभिलाक्षणिक फलन e^(-|t|) ला शून्यावरच टोक आहे, आणि त्या वितरणाला माध्यही नाही.

स्वतंत्र दाव्यांच्या बेरजेसाठी आम्ही या फलनाचा n वा घात घेऊन त्याचे संख्यात्मक व्युत्क्रमण केले. चेर्नॉफ मर्यादा मात्र अहवालातून काढून टाकावी लागली, कारण अशा शेपटीला घातांकी मर्यादा मुळात नसतेच.