टाळूवर तेल, गालावर नाही

मुलगी महिन्याची होत आली तेव्हा तिच्या गालांवर आणि नाकावर बारीक लाल पुटकुळ्या उठल्या. त्याच सुमारास टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरू लागल्या. मालिशवाल्या मावशींनी दोन्हीवर एकच उपाय सांगितला: टाळू रोज तेलाने भरायची आणि चेहरा डाळीच्या पिठाने व सायीने चोळायचा.

लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही निरुपद्रवी, असं ते म्हणाले. गर्भात असताना आईकडून मिळालेल्या हार्मोन्समुळे बाळाच्या तैलग्रंथी काही काळ जास्त काम करतात. त्यात त्वचेवर एरवीही राहणारी यीस्ट भर घालते. अस्वच्छतेशी किंवा मी खाल्लेल्या तिखटाशी संबंध नाही. (हे वाक्य मी सासूबाईंसमोर त्यांना मुद्दाम पुन्हा म्हणायला लावलं.)

डोक्याला तेल चालेल, पण ते तिथेच ठेवायचं नाही, हा खरा मुद्दा. तेल मुरत राहिलं की खपल्या आणखी चिकटतात. म्हणून अंघोळीआधी पाच-दहा मिनिटं थोडं बेबी ऑइल खपल्यांवर लावायचं, मऊ ब्रशने हलकेच फिरवायचं आणि सौम्य बेबी शाम्पूने सगळं तेल धुऊन काढायचं. टाळू मऊ लागते म्हणून हात थरथरायचा, पण तिथेही हलक्या हाताने धुता येतं. सुटेल तेवढीच खपली काढायची. नखाने उचकटली तर खाली जखम होऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. खपलीबरोबर थोडे केसही आले, ते पुन्हा उगवले.

चेहऱ्याचं नेमकं उलट. तिथे तेल, साय, पीठ, पावडर, मोठ्यांचं पिंपल्सचं क्रीम, सगळं बंद. कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही, पुटकुळी फोडायची नाही. रडून गाल लाल झाले की पुरळ जास्त उठून दिसायचं, तेवढंच. काही आठवड्यांत ते आपोआप विरलं.

मावशींशी तडजोड झाली: मालिश अंगाला, टाळूला तेल अंघोळीआधीच, चेहऱ्याला हात नाही.

कधी लगेच यायचं, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाण्याने किंवा पुवाने भरलेले फोड आले, खपल्यांखालून पाणी झिरपू लागलं किंवा पुरळ मानेच्या घड्यांत, काखेत, लंगोटाच्या जागी पसरलं तर. बाळ दूध ओढेनासं झालं किंवा सुस्त पडलं तर थांबायचंच नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. पुटकुळ्या दीड महिन्यानंतर नव्याने सुरू झाल्या आणि त्यांत काळे-पांढरे ठिपके दिसले तर तो वेगळा प्रकार असतो, तोही दाखवायचा.

खपल्या मात्र चिवट. भुवयांमध्ये आणि कानामागे थोड्या बरेच महिने राहिल्या. पहिल्या वर्षात बहुतेक बाळांच्या जातात म्हणून औषधी शाम्पू मागितला नाही. तसा तो डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरायचाही नसतो.