सगळ्यात लहान अक्षरातली ओळ

"४३ स्लाइडचं डेक एका रात्रीत ११ वर आणलंत, तेव्हा काय काढायचं हे कसं ठरवलंत?"

पद्धत आधी सांगते, कारण ती मला आजही बरोबर वाटते. मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवली आणि प्रत्येक स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात लिहायला बसले. 'परत आलेल्या मालाचा आढावा' हे वाक्य नाही, त्यातून काहीच कळत नाही. जिथे वाक्य सुचलंच नाही ती स्लाइड परिशिष्टात गेली. दोन स्लाइडचं वाक्य एकच निघालं, तर एक गेली. पहाटे तीनला नुसती शीर्षकं ओळीने वाचली तरी मुद्दा समजत होता: माल परत येण्याचं प्रमाण वाढलंय, पॅकिंग बदला.

पण तुम्हाला जे सांगायला हवं ते नवव्या स्लाइडबद्दल आहे. मूळ तक्त्यात सात रंग होते, जाड रेघांची जाळी होती, बाजूला रंगांची सूची होती. मी सगळे स्तंभ राखाडी केले, ऑक्टोबरपासूनचे तेवढे लाल ठेवले, आकडे थेट स्तंभांवर लिहिले. वर शीर्षक दिलं: 'ऑक्टोबरपासून परत येणारा माल ४ वरून ६ टक्क्यांवर'. तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती, ती पुसली.

बैठकीत हिशेब बघणारे एक सर म्हणाले, "ऑक्टोबरपासून आपण बदलून दिलेला मालही यात धरतो ना?" ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते त्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला तोंड उघडता आलं नाही. पुसलेल्या टिपेत तेच लिहिलं होतं. बदलून दिलेला माल वगळला तर प्रमाण ४.३ टक्के निघालं. पॅकिंगचा निर्णय त्या दिवशी बारगळला आणि बोलणी मॅडमनी खाल्ली.

मी इंटर्न होते, मोजणी बदललीय हे मला कुणी सांगितलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. ते खरंही आहे. पण ती टीप मी वाचली होती. लाल स्तंभ इतके स्पष्ट दिसत होते की ती मध्ये नको वाटली. आणि जुन्या स्लाइडचं शीर्षक काहीच म्हणत नव्हतं, म्हणून ते चुकीचंही नव्हतं. चूक ठळक अक्षरात लिहिली ती मी.

बाकीच्या स्लाइड काढल्याचं मला जराही वाईट वाटत नाही. त्या नवव्या स्लाइडचं मात्र अजून जमत नाही. आज मी सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या मध्ये उभी रेघ मारून 'इथून मोजणी बदलली' असं लिहिते, तरी बघणाऱ्याला आधी उडीच दिसते. दोन वेगळे तक्ते केले, तर लोक मनातल्या मनात ते शेजारी ठेवतातच.