राफ्टचं काँक्रीट चालू असताना वळवाचा पाऊस आला तर: माझा अनुभव

मे महिन्याचा शेवट, पुण्याच्या पूर्वेकडची साइट. २५ मीटर लांब, २४ मीटर रुंद आणि एक मीटर जाड राफ्ट, म्हणजे इमारतीच्या पायाचा सलग स्लॅब; एकूण ६०० घनमीटर काँक्रीट. दोन पंप लावून तासाला ५० घनमीटरचा वेग धरला होता. रात्री आठला सुरुवात केली, कारण दिवसा काँक्रीट तापतं आणि मिक्सर ट्रॅफिकमध्ये अडकतात. रात्रपाळीचा सुपरवायझर मी होतो.

एक मीटर जाडी एका दमात भरत नाहीत. साधारण ३३ सेंटीमीटरचे तीन थर, प्रत्येक थर खालच्याच्या अडीच मीटर मागे, अशा पायऱ्या करत पुढे सरकायचं. त्यामुळे कुठल्याही क्षणी सगळ्यात धोक्याची जागा एकच असते: पायऱ्यांचं उघडं तोंड. मागचं काँक्रीट सेट होत आलेलं असतं, त्यावर पाऊस पडला तर वरचा पापुद्रा खराब होतो, पण राफ्ट वाचतो. तोंडावरचा थर मात्र पुढचं काँक्रीट येण्याआधी सेट झाला तर तिथे कोल्ड जॉइंट, म्हणजे जुनं-नवं काँक्रीट एकजीव न झालेला सांधा पडतो, आणि तळघराच्या राफ्टमध्ये पुढे तिथूनच पाणी झिरपतं.

१२:५० ला आग्नेयेला विजा चमकायला लागल्या. मोबाइलवर हवामान खात्याचं रडार पाहिलं, ढग आमच्याच दिशेने सरकत होता. तोपर्यंत २४० घनमीटर, म्हणजे दहा मीटर लांबी भरून झाली होती. स्ट्रक्चरल इंजिनिअरनी पोअरच्या आधीच नकाशावर थांबण्याच्या दोन रेषा आखून दिल्या होत्या, दोन्ही कॉलमच्या ओळींच्या मधोमध, कारण त्यांच्या हिशेबात तिथे शिअर, म्हणजे कातरणारं बल कमी होतं. पहिली ८.३ मीटरवर होती, ती मागे पडली होती. दुसरी १६.६ वर. तिथपर्यंत जायला आणखी जवळजवळ १६० घनमीटर, म्हणजे तीन तासांहून जास्त लागले असते. एवढा वेळ ढग देणार नव्हता. आणि आहे तिथेच कायमचं थांबावं तर साडेबारा मीटरवरची कॉलमची ओळ अगदी जवळ येत होती.

म्हणून प्रश्न ‘थांबायचं की नाही’ एवढाच राहिला नाही. किती वेळ थांबलं तर पुन्हा जोडता येईल, हे ठरवायचं होतं. मिक्समध्ये सेट लांबवणारं रिटार्डर होतं आणि ट्रायलमध्ये पहिला सेट सहा तासांनी आला होता. पण साइटवर काँक्रीट तीस अंशाच्या आसपास उतरत होतं, म्हणून मी बॅचिंगपासून, म्हणजे प्लँटवर काँक्रीट कालवल्यापासून चारच तास धरले. तोंडावर उघडं राहणारं सगळ्यात जुनं काँक्रीट बाराच्या बॅचचं होतं. म्हणजे पहाटे चारच्या आत त्यावर नवीन काँक्रीट पडायला हवं. प्लँटमध्ये लोडिंग आणि प्रवास मिळून चाळीस मिनिटं, म्हणून ३:१५ च्या आत प्लँटला फोन गेलाच पाहिजे. या दोन वेळा डायरीत लिहून इंजिनिअरना कळवल्या. तेवढ्यात जमलं नाही तर तोंड सरळ कापायचं, सळ्यांच्या वरच्या आणि खालच्या जाळ्यांच्या मध्ये एक्स्पांडेड मेटलची जाळी बांधायची आणि जॉइंटचं जादा स्टील तेच सांगतील, असं ठरलं.

एकला प्लँटला फोन केला, “बॅचिंग थांबवा, वाटेत आहेत तेवढ्या गाड्या येऊ द्या.” साइटवर दोन आणि वाटेत तीन, सहा-सहा घनमीटरच्या. हे तीस घनमीटर कुठे टाकायचं यावर मुकादम म्हणाले, “साहेब, पुढे ढकलू, तेवढंच काम उरकेल.” मी नको म्हटलं. तळाचा थर पुढे नेला असता तर उघडं तोंड वाढलं असतं. ते सगळं मधल्या आणि वरच्या थरात टाकलं. अडीच मीटरच्या पायऱ्या सव्वा मीटरवर आल्या आणि उघडी जागा निम्मी झाली.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजत होतो. आवाजाला किलोमीटरभर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. अंतर तीस सेकंदांवर आलं तसा बूम पंप घडी करून घेतला. उंच उभा लोखंडी बूम विजेत ठेवायचा नसतो. पाचवी गाडी लाइन पंपानेच रिकामी केली. नंतर त्याचा हॉपर झाकून दर दहा मिनिटांनी दोन-चार स्ट्रोक मागे-पुढे द्यायला ऑपरेटरला सांगितलं, नाहीतर पाइपात काँक्रीट आवळतं.

१:४० ला पाऊस आला, तोही कोसळतच. प्लास्टिक अंथरताना उतार भरलेल्या बाजूकडे दिला होता, म्हणजे पाणी तोंडावर येणार नाही. पण कॉलमच्या उभ्या सळ्या प्लास्टिक फाडून वर येतात. प्रत्येक सळीच्या अंगाने पाण्याची धार खाली उतरत होती आणि बुडाशी सिमेंट धुऊन वाळूचं छोटं वाटोळं उघडं पडत होतं. तिथे पोती गुंडाळून तारेने आवळली.

खरा त्रास न भरलेल्या भागात. साडेतीनशे चौरस मीटरवर वीस मिलिमीटर पाऊस पडला तरी सात हजार लिटर पाणी स्टीलच्या जाळीखाली पीसीसीवर, म्हणजे तळाच्या साध्या काँक्रीटच्या थरावर साचतं. रॅम्पच्या तोंडाशी वाळूच्या गोण्यांचा बांध संध्याकाळीच घातला होता, म्हणून वरचं पाणी आत आलं नाही. पीसीसीला संपकडे, म्हणजे पाणी गोळा होण्याच्या खड्ड्याकडे उतार होता. वीज गेली, पण एक पंप डिझेलचा ठेवला होता, तो चालला.

२:२५ ला पाऊस ओसरला. पाणी अजून निघायचं होतं, तरी २:३० लाच प्लँटला फोन केला, कारण गाडी येईपर्यंतची चाळीस मिनिटंच उपशाला पुरणार होती. सोबत सांगितलं, वाळू भिजली आहे, ओलावा पुन्हा काढून पाणी कमी करा. तोंडावरची पातळ लापशी आणि सुटी खडी घमेल्यांनी काढली. एका कामगाराने ओल्या जागेवर कोरडं सिमेंट भुरभुरायला घेतलं, ते थांबवलं. कोरडं सिमेंट वरचं पाणी शोषून कमकुवत थर बनवतं आणि नवीन काँक्रीट त्यावर चिकटत नाही.

मग काँक्रीट घट्ट बसवायचा साठ मिलिमीटरचा नीडल व्हायब्रेटर चालू करून तोंडावर सोडला. नुसत्या स्वतःच्या वजनाने तो आत गेला, आणि हळू काढल्यावर भोक मिटलं. म्हणजे काँक्रीट अजून जिवंत होतं. भोक तसंच उघडं राहिलं असतं, तर घड्याळात काहीही वाजलेलं असो, जॉइंटच करावा लागला असता.

३:१० ला पहिली गाडी आली. स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती ढिलं आहे त्याचं माप, १३० मिलिमीटर हवा होता, निघाला १८०. वाळूचं पाणी कमी केलेलंच नव्हतं. गाडी परत पाठवली. ३:२० ची दुसरी १४० ला बसली, ती घेतली. पहिला घाणा थेट जुन्या तोंडावर पसरून नीडल खालच्या थरात दहा-पंधरा सेंटीमीटर उतरवत दोन्ही थर एकजीव केले. ३:५० ला उघडी पट्टी पूर्ण झाकली गेली. पावसानंतरच्या काँक्रीटच्या, ताकद तपासायच्या क्यूबचा संच वेगळा घेतला. पोअर कार्डवर थांबल्याची वेळ, सुरू केल्याची वेळ आणि जागेचा कच्चा नकाशा काढला. राफ्ट पावणेदहाला संपला.

तिसऱ्या दिवशी बाजूचं शटरिंग काढल्यावर दोन्ही कडांना साडेनऊ ते साडेबारा मीटरमधला भाग ब्रशने धुऊन पाहिला. उजव्या कडेला रंगात हलका फरक दिसला. नखाने खरवडलं, हातोडीने ठोकलं, आवाज भरीव आला, फट नव्हती. डाव्या कडेला खालच्या थरात हातभर जागी खडी उघडी होती. तिथे कोपऱ्यातलं पाणी पूर्ण उपसलं गेलं नव्हतं. ती जागा छिन्नीने भरीव काँक्रीटपर्यंत खोलली, इंजिनिअरना दाखवली, आणि त्यांनी सांगितलेल्या नॉन-श्रिंक ग्राउटने भरली.