आईनं दुसरं लग्न केलं, तरी मुलांच्या जमिनीची पालक तीच का? माझा अनुभव

मुलांचे बाबा गेले तेव्हा लेक दहा वर्षांची होती आणि मुलगा पाच वर्षांचा. दोन वर्षांनी मी पुन्हा लग्न केलं. तोवर वारस नोंद झालेलीच नव्हती, आणि लग्नानंतर ती करायला गेले तेव्हा धाकट्या दिरांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं : "वहिनी, तुम्ही आता दुसऱ्या घरच्या झालात. तुमचा हिस्सा संपला, आणि पोरांच्या जमिनीचं आम्ही बघू." हे मी पुढे बऱ्याच जणांकडून ऐकलं, अगदी माझ्या माहेरच्यांकडूनही. म्हणून जे घडलं आणि जे कळलं ते सविस्तर लिहिते. आम्ही हिंदू कायद्यात बसतो, त्यामुळे हे सगळं त्याच कायद्याचं आहे. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही तोच लागू होतो. मुस्लिम कायद्यात मुलांच्या मालमत्तेचं पालकत्व आईकडे आपोआप येत नाही, तिथं तिला कोर्टाकडून नेमणूक घ्यावी लागते.

जमिनीचे दोन भाग होते. एक गट मुलांच्या बाबांनी स्वतःच्या कमाईतून विकत घेतलेला, १ हेक्टर ६० आर, म्हणजे चार एकर. दुसरा वडिलोपार्जित, दिरांबरोबर सामाईक खात्यात, वाटणी न झालेला. हा फरक तेव्हा मला महत्त्वाचा वाटला नव्हता, पण पालकत्वाचा निम्मा प्रश्न त्यातच होता.

आधी विकत घेतलेल्या गटाचं सांगते. मृत्युपत्र नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस चौघं : मी, लेक, मुलगा आणि सासूबाई. प्रत्येकाला ४० आर. दीर या यादीत येतच नाहीत. माझ्या हिश्श्याबद्दल वकीलसाहेबांनी एका वाक्यात समजावलं : वारसा उघडतो तो माणूस गेला त्या दिवशी, आणि त्या दिवशी मी त्यांची विधवा होते. तो हिस्सा माझा पूर्ण मालकीचा झाला, नंतरच्या लग्नानं तो परत जात नाही. नोंद उशिरा झाली एवढ्यानं हे बदलत नाही.

दिरांचं म्हणणं मात्र हवेतून आलेलं नव्हतं. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात खरंच तसं होतं. विधवेनं लग्न केलं की नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपायचा, आणि मृत नवऱ्याच्या बाजूचे आजोबा, आजी किंवा पुरुष नातेवाईक मुलांसाठी वेगळा पालक नेमा म्हणून कोर्टात जाऊ शकायचे. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. लोकांच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही. गावातली वडीलधारी माणसं जे सांगतात ते बऱ्याचदा कुठल्या तरी जुन्या कायद्यात खरं असतं, म्हणूनच ते इतक्या ठामपणे सांगतात.

आज चालतो तो १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा. त्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक सांगितलेत : वडील, आणि त्यांच्यानंतर आई. पालकत्व कशानं जातं तेही तिथंच लिहिलंय : हिंदू धर्म सोडला किंवा संन्यास घेऊन संसाराचा पूर्ण त्याग केला तर. पुनर्विवाहाचा उल्लेख नाही. आणि त्याच कलमाच्या खुलाशात आहे की 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील किंवा सावत्र आई येत नाहीत. म्हणजे मी पालक राहिले, पण माझे आत्ताचे पती मुलांचे पालक झाले नाहीत. मुलांच्या खात्याच्या फॉर्मवर बँकेतल्या माणसानं पालक म्हणून त्यांचीच सही मागितली होती. त्यांनीच फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "इथं तुझीच सही लागते." २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकेल्ला ललिता यांच्या खटल्यातही पुनर्विवाह केलेल्या आईलाच नैसर्गिक पालक धरलं होतं. वाद मुलाच्या आडनावाचा होता, पण आमच्या वकीलसाहेबांनी तो निकाल आमच्या फाइलला जोडला.

हरकत आल्यामुळे नोंद तक्रारी झाली आणि सुनावणी लागली. मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि खरेदीखताची नक्कल एवढं पुरलं. खरेदीखत महत्त्वाचं ठरलं, कारण गट स्वकष्टार्जित आहे हे त्यावरूनच दिसत होतं. अधिकाऱ्यांनी चारही नावं लावली, आणि सातबाऱ्यावर मुलांच्या नावांपुढे 'अ.पा.क. आई' असा शेरा आला, म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई. महसूल खातं पालक नेमत नाही, जो आहे त्याची फक्त नोंद घेतं. पालकत्वावरच वाद असेल तर तो जिल्हा न्यायालयात जातो, आणि आमचा गेला.

दिरांनी सासूबाईंना पुढे करून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज केला, की मुलांच्या मिळकतीचे पालक म्हणून त्यांना, म्हणजे दिरांना, नेमावं. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आई नैसर्गिक पालक असली तरी तिला हलवताच येत नाही असं नाही. १९५६ च्या पालकत्व कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलांचं हित सगळ्यांत वर, आणि आई मालमत्ता उधळतेय किंवा मुलांकडे बघत नाही असं दिसलं तर कोर्ट दुसरा पालक नेमू शकतं. फक्त लग्न केलं, हे कारण त्याला पुरत नाही. त्यामुळे आमच्याकडून पुरावा लग्नाबद्दल नाही, हिशेबाबद्दल दिला. दरवर्षी शेतातून काय आलं, मुलांच्या खात्यात काय भरलं, शाळेची फी, मुलाच्या आजारपणाची बिलं. माझ्या पतींनी मुलांच्या मिळकतीवर आपला काही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही असं प्रतिज्ञापत्र दिलं. कायद्यानं ते बंधनकारक नव्हतं, पण न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं.

लेक तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. समजण्याइतकं वय असेल तर मुलाचं म्हणणं कोर्ट विचारात घेऊ शकतं. न्यायाधीशांनी तिला आपल्या दालनात एकटीला बोलावलं. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, त्यांनी जमिनीचं काहीच विचारलं नाही; शाळेत कोण सोडायला येतं, आजारी पडलीस तर रात्री कोण उठतं, आजीकडे जायला आवडतं का, एवढंच विचारलं.

उलटतपासात मुख्य मुद्दा निघाला. विकत घेतलेल्या गटाच्या बांधाला लागून दिरांचं शेत होतं, आणि बांध सरकवल्याचा वाद आधीपासून होता. ज्याचा स्वतःचा हितसंबंध मुलांच्या जमिनीविरुद्ध आहे त्याला त्याच जमिनीचा पालक नेमायला कोर्ट तयार होत नाही. अर्ज फेटाळला गेला. सासूबाईंना सुट्टीत नातवंडं भेटतील असं आदेशात लिहिलं, आणि त्याला माझी कधीच ना नव्हती.

पण पालक म्हणजे मालक नव्हे, आणि या बाबतीत कायदा आईलाही सोडत नाही. लेकीच्या कॉलेजच्या फीची वेळ आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. एक जण माझे आणि दोन्ही मुलांचे मिळून तीन एकर घ्यायला तयार झाला. त्याच १९५६ च्या पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलांची स्थावर मिळकत विकायला, गहाण ठेवायला, बक्षीस द्यायला किंवा ५ वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला कोर्टाची पूर्वपरवानगी लागते. घेणारा म्हणाला, "ताई, दस्त करून टाकू, परवानगीचं मागून बघू." हेच करायचं नसतं. विनापरवानगी केलेला दस्त मूल नंतर रद्द करून घेऊ शकतं, आणि तसा दावा करायला त्याला १८ पूर्ण झाल्यापासून ३ वर्षं मिळतात. घेणाऱ्याचे पैसे अडकतात, आणि मूल आईविरुद्ध उभं राहतं.

आम्ही परवानगीचा अर्ज केला. जमीन ज्या हद्दीत आहे तिथल्या जिल्हा न्यायालयातच तो करावा लागतो, आपण राहतो तिथं नाही. कोर्ट दोनच गोष्टींवर परवानगी देतं : मुलाची गरज किंवा उघड फायदा. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचा स्वतःचा एक एकर विकला तर फी भागते का?" भागत होती. मग मुलांची जमीन विकण्याची गरज कुठे राहिली? परवानगी मिळाली नाही. त्या दिवशी मला राग आला, कारण एवढी वर्षं मीच ती जमीन सांभाळली होती. आज मला तो आदेश बरोबर वाटतो. माझा एकर मी विकला, त्याला कुणाची परवानगी लागली नाही, आणि मुलांचे दोन एकर त्यांच्या नावावर राहिले. लेक अठरा झाल्यावर जन्माच्या पुराव्यासह अर्ज करून तिच्या नावापुढचा 'अ.पा.क.' शेरा कमी करून घेतला. आता तिच्या हिश्श्यावर सही तिचीच.

राहिला सामाईक गट. तिथं गोष्ट वेगळी आहे. कलम ६ मध्येच अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीतला मुलाचा न वाटलेला हिस्सा नैसर्गिक पालकाच्या अधिकारातून वगळलाय, आणि कलम १२ म्हणतं की कुटुंबातला प्रौढ माणूस ती मिळकत सांभाळत असेल तर त्या हिश्श्यासाठी वेगळा पालक नेमायचा नाही. म्हणजे तिथं 'मी आई आहे' हे पुरत नाही, वहिवाट दिरांकडेच राहते. यावर उपाय म्हणजे वाटणी. मुलाच्या वतीनं आई वाटपाचा दावा लावू शकते, तसा मी लावलाय, आणि लेक आता स्वतःच्या नावानं त्यात वादी आहे. दिरांकडून तडजोडीचा निरोप आलाय. मला ती हवी आहे, पण मुलगा अज्ञान असल्यामुळे त्याच्या वतीनं केलेली तडजोड कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बंधनकारक होत नाही. म्हणून आधी मोजणी करून कुणाला कुठला तुकडा ते नकाशावर ठरवायचं, आणि मग दोन्ही बाजूंनी तो मसुदा कोर्टापुढे ठेवायचा, असं दोन्ही वकिलांचं ठरलंय.