‘हातभार’ लावणारीस

अनेक आशीर्वाद.

परिसंवादासाठी लिहिलेला तुझा परिचय वाचला. मोडीची आवड, प्रमाणपत्र अभ्यासक्रम, दोन कार्यशाळा, आणि अगदी शेवटी, ‘एका खासगी संग्रहातील पत्रांच्या लिप्यंतरात हातभार’. हे वाचून तुला चहाची व्यवस्था पाहायला बोलावतील. अगं, मोडी वाचणारे आता बरेच आहेत आणि कार्यशाळा तर सगळ्यांनीच केलेल्या असतात. तू त्या पत्रांच्या रुमालात जे केलंस ते लिप्यंतर नव्हतंच, आणि परिचयात नेमकं तेच नाही.

ते पत्र आठव. वर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’. अशा सनातले अरबी संख्याशब्द एककापासून सुरू होतात, म्हणून एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. खाली ‘छ २ रजब’, म्हणजे रजबचा दुसरा चंद्र. जुनी यादी करणाऱ्याने महिना हिजरी पाहिला आणि सनही हिजरीच धरला. चूक मोठी स्वाभाविक आहे, एकाच ओळीत दोन कालगणना नांदत असतील असं कोणाच्या मनात यावं? हिजरी ११६१ मधला रजब येतो १७४८च्या जून-जुलैत. यादीत तेच वर्ष पडलं आणि पुढचा प्रत्येक वाचक ते उतरवत गेला.

पत्रात मात्र शाळूची कापणी चालू आहे आणि माणसं मिळत नाहीत म्हणून तक्रार आहे. तू तिथे थांबलीस. ऐन आषाढात शाळू कापतं कोण? तो रब्बीचा, माघ-फाल्गुनात हाताशी येणारा. तेव्हा सन शुहूर असला पाहिजे. शुहूर सन सौर, मृगाच्या सुमारास बदलणारा. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शुहूर ११६१ म्हणजे १७६०च्या मृगापासून १७६१च्या मृगापर्यंतचं वर्ष, आणि त्यात रजब पडतो फेब्रुवारी १७६१ मध्ये. शाळू जागेवर आला. शिवाय ‘उत्तरेकडील वर्तमान कळत नाही’ या ओळीचा अर्थही लागला, कारण पानिपताला तेव्हा महिनाही झालेला नव्हता.

एवढ्यावर न थांबता तू उरलेली पत्रं याच कसोटीवर घासलीस. ४३ पैकी ७ पत्रांवर शकाचं वर्ष होतं, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. ३१ पत्रांच्या तारखा बारा-तेरा वर्षं पुढे आल्या. पाच तू तशाच सोडल्यास, कारण त्यांत पीकपाण्याचा किंवा घडामोडींचा काहीच उल्लेख नाही. मला विचारशील तर तुझ्या कामाची पत त्या पाचांतच आहे. ओढूनताणून वर्ष लावायला काय लागतं?

‘हातभार’ या शब्दाची मला अडचण अशी की त्यात खरं आणि खोटं एकत्र बांधलेलं आहे. लिप्यंतर तुम्ही चौघींनी केलंत, तिथे तो शब्द योग्यच. पण काळनिश्चिती तुझी एकटीची. दोन्ही कामं एका वाक्यात घातलीस की वाचणारा लहान कामाच्या मापाने मोठं मोजतो. आणि संकोच म्हणशील, तर तो विशेषणांचा धरावा, आकड्यांचा नव्हे. साधारण असं लिही:

‘मोडी कागदांची काळनिश्चिती करते. एका खासगी संग्रहातील ४३ पत्रांच्या यादीत शुहूर सन हिजरी धरला गेल्याचे पत्रांतील पीकहंगामाच्या उल्लेखांवरून दाखवले. ३१ पत्रांच्या तारखा दुरुस्त केल्या. ५ पत्रांचे वर्ष अनिश्चित आहे. लिप्यंतर चौघींचे.’

यात ‘प्रथमच’ घालू नकोस. शुहूर-हिजरीचा घोळ जाणकारांना ठाऊक आहे, तुझं श्रेय तो या रुमालात पकडण्याचं. ‘महत्त्वपूर्ण संशोधन’ हेही नको. यादी करणाऱ्याचं नाव तर मुळीच नको. त्याने यादी केली नसती तर तो रुमाल आजही माळ्यावरच असता. आवड काढून टाक, प्रमाणपत्र शेवटच्या ओळीत ने, कार्यशाळा गाळल्यास तरी चालेल.

कोणीतरी उठून विचारेलच, की शाळूच्या एका उल्लेखावर एवढा भरवसा कसा? उत्तर तयार ठेव. एका पत्रावर नाहीच. हंगाम सांगणारी पत्रं वेगळी काढून त्यांचा तक्ता कर, एका बाजूला हिजरी धरून येणारा महिना, दुसऱ्या बाजूला शुहूर धरून येणारा, मध्ये पीक. तो कागद सोबत ने.

संग्रहाच्या मालकांना मजकूर आधी दाखव. ‘खासगी संग्रह’ एवढंच चालेल की वाड्याचं नाव घालायचं, हे त्यांनी ठरवायचं.

तुझी,
ताई